भाच्याला रात्री हाका ऐकू आल्या. जागरणाचा परिणाम की स्किझोफ्रेनियाची सुरुवात?

रामबागची_मावशी
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय २३, देवासहून येऊन आमच्याकडे इंदूरला राहतो. भंवरकुवाला पीएससीच्या क्लासला जातो. परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे रात्ररात्र जागतो. मागच्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, तू हाक मारलीस का?" मी म्हटलं, नाही रे, झोप. थोड्या वेळानं परत आला, तोच प्रश्न. तिसऱ्यांदा आला तेव्हा घामाघूम झाला होता. म्हणाला, गॅलरीखाली मुलं उभी आहेत आणि माझ्याबद्दल बोलून हसताहेत. ह्यांनी खाली जाऊन बघितलं. चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला, उठल्यावर ओशाळला. तेव्हापासून आवाज नाहीत. पण मी नेटवर वाचत बसले आणि माझीच झोप उडाली. आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर बोलतात असं वाटणं, ही म्हणे स्किझोफ्रेनियाची पॉझिटिव्ह लक्षणं. बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू?

विजयनगर_सिव्हिल
मावशी, टेन्शन घेऊ नका. शंभर टक्के स्ट्रेस. आमच्या हॉस्टेलला फायनल इयरला निम्म्या पोरांना काही ना काही ऐकू यायचं. नियम असा आहे की लक्षणं सहा महिने असतील तरच स्किझोफ्रेनिया म्हणतात. तोवर डॉक्टरबिक्टरकडे नेऊ नका, एकदा का शिक्का बसला की पोराचं लग्न आणि नोकरी दोन्ही अडकतात. सहा महिने थांबा, मग बघू.

निवृत्त_वॉर्डवाला
मी ग्वाल्हेरला मानसरोग विभागात बरीच वर्षं डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. मुलाला न बघता निदान करणार नाही. पण तो माझ्या ओपीडीत आला असता तर काय विचारलं असतं, ते लिहितो.

पहिलं म्हणजे झोप. आदल्या दोन-तीन रात्री मिळून किती तास झोपला होता? आवाज आला तेव्हा टक्क जागा होता की पुस्तकावर डुलकी लागत होती? झोप लागताना किंवा जाग येताना स्वतःच्या नावाची हाक ऐकू येणं हे धडधाकट माणसांतही होतं, आणि बहुतेक वेळा ती हाक एका शब्दाचीच असते. नंतर तो काय म्हणाला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचा भाचा तुम्हाला विचारायला आला, म्हणजे त्याला शंका होती. खात्री झालेला माणूस असं विचारत नाही. तो तुमच्यावर चिडतो, "तूच हाका मारतेस आणि वर नाही म्हणतेस" म्हणतो.

ज्या आवाजांनी आमचे कान टवकारतात ते वेगळे असतात. भर दिवसा, पूर्ण जागेपणी, आठवडेच्या आठवडे येतात. दोघं-तिघं आपसात त्याच्याबद्दल बोलतात, "आता हा उठला, आता पाणी पितोय" असं धावतं वर्णन करतात. हळूहळू त्याभोवती एक गोष्ट रचली जाते, कोण बोलतं, का बोलतं, त्यांना काय हवंय. ती गोष्ट कुणी खोडून काढायला गेलं तर खोडणाराही त्या कटात सामील धरला जातो.

अर्थात नुसत्या आवाजावरून रोग ठरत नाही. जबर नैराश्यात, दारू सोडताना, भांग-गांजानं, फिट्सच्या काही प्रकारांत, तापाच्या भ्रमातसुद्धा आवाज येतात. म्हणून मावशी, जागरणासाठी तो काही गोळ्या घेत होता का, आणि भांग किंवा गांजा, हे न रागावता विचारा.

विजयनगर, सहा महिन्यांचं अर्धंच वाचलंय तुम्ही. तो आकडा अमेरिकन पद्धतीत नाव देण्यासाठी आहे, उपचार कधी सुरू करायचे यासाठी नाही. त्यातही ठळक लक्षणं साधारण महिनाभर असली की पुरे, उरलेल्या काळात आधीचा किंवा नंतरचा गप्पगप्प काळ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर महिनाच पुरतो. आजार जितका जास्त काळ बिनउपचार राहतो, तितकं नंतर सुधारणं अवघड जातं असं दिसून आलंय. सहा महिने थांबा हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका.

बडोदेकर_आजी
मी सहसा फक्त वाचते, आज लिहितेय. आमचे हे जाऊन सहा-सात महिने झाले. संध्याकाळी दिवेलागणीला मला त्यांच्या चपलांचा आवाज येतो, एकदोनदा "अगं" अशी हाकही ऐकू आली. मला भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं. मुलगा सुरतेला असतो, त्याला सांगितलं तर म्हणेल आई भ्रमिष्ट झाली. वर डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते वाचून धसका घेतला. मलाही हाच आजार लागलाय का?

निवृत्त_वॉर्डवाला
आजी, नाही. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरनं आपल्या भागातल्या जवळजवळ तीनशे विधवा-विधुरांशी बोलून याची नोंद केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना असा काही ना काही अनुभव येत होता. बऱ्याच जणांना गेलेला जोडीदार आसपास असल्यासारखं वाटत होतं, काहींना दिसतही होता, ऐकूही येत होता. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तुमच्यासारखीच भीती. बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटत होता.

तुम्ही स्वयंपाक करता, देवदर्शनाला जाता, हिशेब ठेवता, आणि ते गेलेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग चपलांच्या आवाजाला औषध लागत नाही. आवाज "माझ्याकडे ये" म्हणू लागला, खाणं-झोप उडाली किंवा जगणं नकोसं झालं, तर मात्र त्याच दिवशी मुलाला फोन करा.

बडोदेकर_आजी
बरं वाटलं हो. देवदर्शनाला मात्र मी जात नाही, गुडघे.

मुरार_दादा
मावशी, तुमचं वाचून धाकट्या भावाची आठवण आली. आमच्याकडे सगळं उलट्या क्रमानं झालं. आवाजबिवाज काही नव्हतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. आधी गणपतीतल्या नाटकाच्या तालमीला जाणं बंद झालं. मग क्रिकेट. मग अंघोळ, म्हणजे सांगितलं तर करायचा, नाहीतर चार दिवस तसाच. प्रश्न विचारला की "हं". आई भाजीत मीठ घालायला विसरली तरी गुपचूप जेवून उठायचा, जो आधी डाळीत हिंग कमी पडला तर सबंध घर डोक्यावर घ्यायचा.

आम्ही काय काय म्हणालो नसू! आळशी झालाय, मोबाइलनं बिघडलाय, प्रेमभंग झाला असेल. मामांनी एका ठिकाणी नेऊन गंडाही बांधून आणला. दीडेक वर्ष हेच. आणि मग एका रात्री त्यानं सेट-टॉप बॉक्सच्या सगळ्या वायरी कापल्या, कारण त्यातून त्याचे विचार बाहेर जातात आणि कॉलनीतल्या लोकांना ऐकू येतात म्हणे. तेव्हा दवाखाना गाठला. वायरींचं बोलणं गोळ्या सुरू केल्यावर दीडदोन महिन्यांत थांबलं. "हं" मात्र अजून तसंच आहे. आई म्हणते औषधानंच पोर बधिर झालं. खरंखोटं काय?

निवृत्त_वॉर्डवाला
दादा, तुम्ही लिहिलंत त्यातच या धाग्याचा गाभा आहे. घरच्यांना वायरी कापलेल्या दिसतात, कारण त्याचा आवाज होतो. पण आजार त्या रात्री सुरू झाला नव्हता. तालमी सुटल्या तेव्हाच तो बहुधा घरात आलेला होता. जे कमी होत जातं, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, स्वतःहून काही करणं, माणसांची ओढ, ती निगेटिव्ह लक्षणं. ती तक्रार करत नाहीत, शेजाऱ्यांना त्रास देत नाहीत, म्हणून कुणी डॉक्टरकडे नेत नाही. आणि दुर्दैवानं आपल्या गोळ्या आवाज-संशयावर जेवढ्या चालतात तेवढ्या यांच्यावर चालत नाहीत.

आईंच्या म्हणण्यातही तथ्य असू शकतं. सारखंच दिसणारं बधिरपण तीन-चार वाटांनी येतं. एक, आजाराचंच. दोन, गोळीचं. चालताना त्याचे हात हलतात का बघा. एक हात अंगाशी चिकटून राहतो, अक्षर बारीक झालंय, तोंडातून लाळ गळते, खुर्चीतून उठायला वेळ लागतो, असं असेल तर ती गोळीची ताठरता असू शकते, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधानं. डोस किंवा औषध बदलून ती कमी होते. तीन, नैराश्य. त्यात माणूस आतून दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. विचारलं तर रडतो, कोरा राहत नाही. चौथी वाट भीतीची. आवाज अजून येत असतील आणि त्यांच्या धाकानं तो गप्प बसत असेल, तर बाहेरून तेही तसंच दिसतं. तुमच्याकडे "हं" गोळ्यांच्या आधीपासून आहे, म्हणजे सगळा दोष गोळीवर घालता येणार नाही. पण हात बघाच. आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, वायरी परत कापल्या जातील.

आणखी एक विचारतो. त्याच्यापुढे जिलेबी ठेवली तर आवडीनं खातो?

मुरार_दादा
खातो की! दोन-दोन वाट्या. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून आण म्हटलं, पैसेही हातात दिले, तरी जात नाही. म्हणून तर आळशी म्हणायचो.

निवृत्त_वॉर्डवाला
अगदी असंच दिसतं. आनंद मेलेला नसतो. पुढ्यात आलेल्या गोष्टीची चव त्याला बऱ्यापैकी लागते. मोडतं ते त्याच्या आधीचं, "तिकडे गेलो तर मजा येईल" हे मनात उमटणं आणि त्यासाठी पाय उचलणं. म्हणून अशा मुलाला "तुला काय करावंसं वाटतं?" असं विचारून उपयोग होत नाही. "पाच वाजता आपण दोघं जिलेबी आणायला जाऊ" म्हणा, आणि पाच वाजता चपला घालून त्याच्यासमोर उभे राहा. रोज तीच वेळ, तीच वाट.

विजयनगर_सिव्हिल
भिया, सहा महिन्यांचं पटलं. पण एक सांगा, मावशींच्या भाच्याचं तर एका रात्रीत एकदम उसळलं. गॅलरीखाली मुलं वगैरे. मुरार दादांच्या भावाचं दीड वर्ष हळूहळू. म्हणजे भाच्याचं जास्त सीरियस नाही का?

निवृत्त_वॉर्डवाला
सगळ्यांना असंच वाटतं, आणि अनुभव बराचसा उलटा आहे. आधी चांगला चालता-बोलता माणूस, मग एखादा जबर धक्का, बाळंतपण, ताप किंवा जागरण, आणि दोन-चार दिवसांत सगळं उसळतं. रडणं, घाबरणं, गोंधळणं, आवाज, संशय, घटकेत हे घटकेत ते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण असे रुग्ण पुष्कळदा काही आठवड्यांत पूर्ण ताळ्यावर येतात आणि कामाला लागतात. महिन्याच्या आत सगळं मिटून माणूस पूर्ववत झाला तर त्याला वेगळं नावच आहे, स्किझोफ्रेनिया म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक देशांत मिळून जे अभ्यास केले, त्यांत आपल्याकडची आग्रा आणि चंदीगड ही केंद्रं होती. असा झटक्यात येऊन झटक्यात ओसरणारा आजार पश्चिमेपेक्षा आपल्यासारख्या देशांत कितीतरी जास्त आढळला. का, यावर अजून वाद चालू आहे.

आजार दबक्या पावलांनी येतो तेव्हा मला जास्त काळजी वाटते. मात्र एक पुस्ती. झटक्यात आलेल्यांतल्या काही जणांना पुढे पुन्हा झटका येतो, काहींचं पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर ठरतं. म्हणून बरं झाल्यावरही एक-दोन वर्षं नजर ठेवायची असते.

मावशींच्या भाच्याचं तर मला त्या झटक्याच्या पायरीलाही गेलेलं दिसत नाही. एक रात्र, जागरण, शंका शाबूत, झोपल्यावर साफ. पण माझ्या प्रश्नांची उत्तरं यायची आहेत.

रामबागची_मावशी
उत्तरं घेऊन आले. तीन रात्री मिळून सात-आठ तास झोपला होता. रूमवरच्या मित्रानं जागरणाच्या गोळ्या दिल्या होत्या, नाव माहीत नाही, पट्टी फेकून दिली. भांग उज्जैनला एकदा ठंडाईत घेतली, त्याला बरेच महिने झाले, त्यानंतर नाही म्हणतो. आवाज माझाच होता म्हणे, फक्त नाव, बाकी काही नाही. मुलांचं बोलणं नीट कळत नव्हतं, नुसती कुजबुज. आता स्वतःच म्हणतो, "मावशी, डोकं फिरलं होतं माझं." रात्री बाराला झोपतो, दुपारी लोळतो, पुन्हा काही ऐकलं नाही.

एवढ्यावर मी हुश्श म्हणणार होते. पण मुरार दादांचं वाचल्यावर काही गोष्टी डोळ्यांपुढे आल्या. दिवाळीपासून हा संध्याकाळचं टर्फवर जाणं सोडून बसलाय. आईला स्वतःहून फोन करत नाही. मॉक टेस्टचे मार्क घसरलेत. आणि बहिणीच्या सासरी याचे एक सख्खे काका होते, कायम एका खोलीत असायचे, कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाही. आता सांगा.

विजयनगर_सिव्हिल
पीएससीचं पोर आणि टर्फ? परीक्षेच्या आधी कुणी खेळत नाही हो. आता प्रत्येक गोष्टीत आजार शोधाल.

निवृत्त_वॉर्डवाला
विजयनगर बरोबर असू शकतात. इथे मलाही छातीठोक सांगता येणार नाही.

फरक बघायचा झाला तर हा बघा. परीक्षेनं पिचलेला मुलगा खेळ सोडतो, पण त्याला ते सलतं. मार्क घसरले की चिडतो, रडकुंडीला येतो, निकालाची धास्ती घेतो. मित्र आला की हसतो. रविवारी सराफ्यात खायला नेलं की खुलतो, निदान तासभर तरी. निगेटिव्ह लक्षणं असतील तर ती धास्तीच नाहीशी होते. मार्क घसरल्याचं तो रेल्वेची वेळ सांगावी तशा सपाट आवाजात सांगतो. सुट्टी दिली तरी काही परत येत नाही. म्हणून मावशी, टर्फ सोडलं हे एकटं काही सांगत नाही. त्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा काय करतो ते बघा.

काकांबद्दल. त्यांना नक्की काय होतं हे कळलं पाहिजे. सख्ख्या भावंडाला हा आजार असेल तर धोका साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. काका त्याहून दूरचे, म्हणून आकडा बराच खाली येतो. तरीही शून्य नाही. आणि अशा घरातल्या मुलानं गांजा-भांगेच्या वाटेला जाऊच नये, हे मी स्पष्ट सांगतो. त्या गोळ्याही बंद.

डॉक्टरला दाखवा. आत्ता, परीक्षेआधी, साधी भेट म्हणून. खाजगी नको असेल तर इंदूरला बाणगंगेचं सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे. एका रात्रीच्या हाकांवर कुणी लगेच अँटिसायकोटिक सुरू केली तर "का?" म्हणून नक्की विचारा. त्या गोळ्यांनी वजन आणि साखर वाढू शकते, उगाच द्यायच्या नसतात. नियमित झोप आणि पुढच्या तारखा, एवढ्यावर बहुधा भागेल. थायरॉइड, बी-१२ वगैरे तपासतील, ते दुसरी कारणं वगळण्यासाठी. स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय नाही, कुणी त्यासाठी पैसे मागितले तर उठून या.

रामबागची_मावशी
काल मुद्दाम विचारलं, टर्फवर का जात नाहीस? म्हणाला, "तिथे सगळे सिलेक्ट झालेत, मी एकटाच राहिलोय. काय तोंड दाखवू?" आणि डोळे भरून आले.

निवृत्त_वॉर्डवाला
मग माझं पारडं निराशेकडे झुकतं. त्यालाही डॉक्टर लागतो. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात येत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.

रामबागची_मावशी
विचारलं. नाही म्हणाला, आणि बराच वेळ बोलत बसला. गुरुवारी जातोय, बहिणीलाही बोलावलंय. काकांचं मात्र तिच्या सासरी कसं काढायचं? विषय निघाला की सगळे उठून जातात.

मुरार_दादा
आजाराचं नाव काढूच नका. आमच्याकडे आजीला "त्यांना रात्री कुठली गोळी द्यायचात?" एवढंच विचारलं, तर तिनं ट्रंकेतून जुन्या चिठ्ठ्यांचं बोचकंच काढून दिलं. चिठ्ठीचा फोटो काढून डॉक्टरला दाखवा, औषधावरून त्यांना अंदाज येतो.

डॉक्टरसाहेब, भावाचा उजवा हात खरंच हलत नाही चालताना. सोमवारची वेळ घेतली आहे. जिलेबीला दोनदा आला, तिसऱ्या दिवशी नाही म्हणाला.

निवृत्त_वॉर्डवाला
चौथ्या दिवशी परत चपला घाला. हाताचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात ती चार पावलं नीट दिसत नाहीत.